ट्रेकिंग पोल नेमकं काय वाचवतात: दम की पाय?

दोन वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका ५० किलोमीटरच्या रेसमध्ये मी पोल घेऊन उतरले होते. 'घेऊन' म्हणजे अक्षरशः पाठीवर घेऊन. घडी घातलेले दोन्ही पोल व्हेस्टच्या मागच्या बाजूला बांधलेले होते आणि ते काढायचे तर थांबून व्हेस्ट उतरवावी लागायची. पहिल्या चढाला वाटलं, अजून ताजी आहे, कशाला थांबायचं. दुसऱ्या चढाला मागून लोक येत होते. ३४ व्या किलोमीटरला उतारावर मांड्यांनी संप पुकारला आणि शेवटचा उतार मी खेकड्यासारखी आडवी होऊन उतरले. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. लॅबमधल्या सीनियरनं ते पाहिलं आणि विचारलं, "अगं, तुझ्याकडे काठ्या होत्या ना? मग त्यांचं काय केलंस?"

मी म्हणाले, "वाहून नेल्या."

त्यानंतर मी या विषयावरचे पेपर वाचायला घेतले. माझं स्वतःचं काम मटेरियल सायन्समधलं, त्यामुळे शरीरशास्त्राचे पेपर वाचताना सुरुवातीला अडखळले. पण एक गोष्ट लवकर लक्षात आली. 'पोलचा फायदा होतो का?' हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. फायदा कशात मोजायचा हे ठरवलं की उत्तरं बऱ्यापैकी स्पष्ट मिळतात. पोल कधी काढायचे, कसे टेकवायचे आणि कुठे अडकवायचे हेसुद्धा त्याच उत्तरांमधून निघतं. म्हणून आज आधी मोजमाप, मग तंत्र, आणि शेवटी माझा स्वतःचा फसलेला प्रयोग.

'फायदा' मोजायचा कशात?

सपाट रस्त्यावर आपण किलोमीटरमागे किती ऊर्जा लागते ते बघतो. डोंगरात हे माप निरुपयोगी ठरतं, कारण तिथला एक किलोमीटर दहा मिनिटांचाही असतो आणि तासाचाही. म्हणून चढाच्या अभ्यासात 'उभ्या अंतराची किंमत' मोजतात. शरीराचं एक किलो वजन एक मीटर उंच न्यायला किती ऊर्जा खर्च झाली, हे ते माप. ऊर्जा थेट दिसत नाही, त्यामुळे तोंडाला मास्क लावून ऑक्सिजन किती वापरला ते मोजतात आणि त्यावरून हिशेब करतात.

या मापाचा एक छान उपयोग २०१६ च्या एका अभ्यासात दिसतो. निकोला जोव्हानेली आणि सहकाऱ्यांनी धावपटूंना खूप तीव्र चढाच्या ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं. उंची गाठण्याचा वेग सगळ्या कोनांना एकच ठेवला होता, सेकंदाला ०.३५ मीटर. निष्कर्ष असा, की या तीव्र चढांवर त्याच वेगानं वर जायला पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. म्हणजे अल्ट्रामध्ये चढ आला की पळणं सोडून चालायला लागणं हा काही कमकुवतपणा नाही, तो हिशेब आहे. आणि पोल हे मुळात चालण्याचं साधन. त्यामुळे पोलचा प्रश्न खरा सुरू होतो तो जिथे तुम्ही पळणं सोडता तिथून.

सपाटीवर गोष्ट उलटी आहे. नॉर्डिक वॉकिंगवरच्या अभ्यासांमध्ये त्याच वेगानं काठ्या घेऊन चालल्यावर ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसतो. साहजिक आहे. खांदे आणि हात कामाला लागले, पण उचलायचं काहीच नव्हतं. व्यायाम म्हणून ते चांगलं, रेसमध्ये तो निव्वळ खर्च.

चढावर: अडीच टक्के, आणि त्यामागचा ±

जोव्हानेलींच्याच गटाचा २०१९ सालचा पेपर थेट आपल्या प्रश्नावर आहे. १४ माउंटन रनर, ट्रेडमिल, सुमारे १० अंशांपासून ३९ अंशांपर्यंत सात वेगवेगळे कोन, प्रत्येक कोनाला पाच-पाच मिनिटं चालायचं, एकदा पोल घेऊन आणि एकदा पोलशिवाय.

२५ ते ३५ अंशांच्या तीव्र चढांवर पोलमुळे उभ्या अंतराची किंमत साधारण दोन ते तीन टक्क्यांनी कमी झाली. सौम्य चढांवर हा फरक ठळक नव्हता. आता रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून एक गोष्ट बघावी. या सरासरीच्या शेजारी जो ± आहे, तो सरासरीपेक्षा मोठा आहे. म्हणजे काही जणांना पाच-सहा टक्के फायदा झाला असेल, काहींना शून्य, आणि एखाद्याला पोल घेऊन जास्तच खर्च आला असेल. 'पोल अडीच टक्के ऊर्जा वाचवतात' हे वाक्य गटाबद्दल खरं आहे. ते तुमच्याबद्दल खरं असेलच असं नाही.

पण त्याच पेपरमध्ये दुसरं एक माप होतं: 'किती जड जातंय' हे धावपटूनं स्वतः आकड्यात सांगायचं. तिथे फरक मोठा निघाला, बहुतेक कोनांवर साधारण पंधरा टक्क्यांच्या पुढेमागे. खर्च दोन-तीन टक्क्यांनीच कमी झालाय, आणि वाटतं मात्र पंधरा टक्क्यांनी सोपं. हे कसं?

एक शक्यता म्हणजे मनाचा खेळ. हातात पोल आहेत की नाहीत हे कुणापासून लपवता येत नाही. औषधांच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, 'खोटा पोल' देता येत नाही. त्यामुळे स्वतः सांगितलेल्या आकड्यात अपेक्षेची भेसळ असणारच. दुसरी शक्यता अशी, की मास्क सगळ्या शरीराचा एकत्र खर्च मोजतो. पायांचं काम कमी झालं आणि तेवढंच हातांचं वाढलं, तर बेरीज जवळपास तीच राहते. पण चढावर 'जड जातंय' ही भावना मुख्यतः मांड्या आणि पोटऱ्यांमधून येते. बेरीज तीच राहून वाटणी बदलली, तर मास्कला कळणार नाही, पायांना कळेल.

दुसरी शक्यता तपासता येते. फक्त ऊर्जेऐवजी बल मोजायला हवं.

पायांवरचा भार

याच गटानं पुढे बाहेर, खऱ्या डोंगरवाटेवर, बल मोजणारे पोल आणि बुटात बल मोजणारे तळवे घालून धावपटूंना चढवलं. पोल वापरताना पायाच्या तळव्यावर येणारं बल कमी झालं. सगळी ताकद लावून चढायला सांगितलं तेव्हा १९ मिनिटांच्या आसपासच्या चढात पोलमुळे सरासरी अर्ध्या मिनिटाच्या जवळपास वेळ वाचला. म्हणजे वाटणी खरंच बदलते. पायांचा काही वाटा हात उचलतात.

ही गोष्ट एका चढात किरकोळ वाटते. तिचं महत्त्व कळतं ते दुसऱ्या दिवशी. ग्लिन हॉवॅट्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३७ जणांना वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर चढवून उतरवलं. काही जण पोल घेऊन, काही पोलशिवाय. नंतरचे दिवस त्यांनी मांडीच्या स्नायूंची ताकद, दुखणं आणि रक्तातलं क्रिएटिन कायनेज मोजलं. क्रिएटिन कायनेज हे स्नायूंच्या पेशींमधलं एन्झाइम आहे. स्नायूंना इजा झाली की ते गळून रक्तात येतं. पोलवाल्यांची ताकद कमी घटली, दुखणं कमी होतं आणि एन्झाइमही कमी वाढलं.

उतारावर हे का होतं ते समजून घ्या, कारण अल्ट्रा बहुतेकांची तिथेच संपते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडण्याचा प्रयत्न करत असतो, पण शरीराचं वजन त्याला ताणत असतं. ताणलं जाताना काम करणाऱ्या स्नायूला इजा जास्त होते. दम लागत नाही, नाडी शांत असते, आणि तरी आतून नुकसान साठत जातं. १९९९ मध्ये हेरमान श्वामेडर यांच्या गटानं २५ अंशांच्या उतारावर चालणाऱ्यांच्या गुडघ्यावरची बलं मोजली, तेव्हा पोलमुळे ती १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाली होती. हा आकडा दुकानांच्या जाहिरातीत फार फिरतो, म्हणून त्याची हद्द सांगते. तो चालण्याचा आहे, पळण्याचा नाही. आणि २५ अंश म्हणजे चांगलाच खडा उतार, आपल्या बहुतेक पळता येणाऱ्या वाटा त्याच्या निम्म्याही नसतात.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पोल दम थोडाच वाचवतात, पाय जास्त वाचवतात. आणि वाचवलेले पाय ताबडतोब दिसत नाहीत. ते काही तासांनी, उतारावर दिसतात. माझी चूक इथेच झाली होती. 'अजून ताजी आहे' म्हणून मी पोल काढले नाहीत. पण पोल दमल्यावर घ्यायचं औषध नाही. पाय ताजे असतानाच भार वाटून द्यावा लागतो.

मग टेकवायचे कसे

पायांवरचा भार हातांवर न्यायचा हा हेतू एकदा पक्का केला की तंत्रातल्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी पट्टा. बहुतेक जण पट्ट्यात वरून हात घालतात आणि मूठ आवळून धरतात. मग सगळं बल बोटांवर येतं आणि तासाभरात हाताची पकड थकते. हात पट्ट्यात खालून वर घाला, आणि मग पट्टा व मूठ दोन्ही मिळून हलकेच धरा. आता मनगटानं पट्ट्यावर दाब दिला की बल पोलमधून जमिनीत जातं आणि बोटं मोकळी राहतात. ओळखायचं कसं? जोर देत असताना क्षणभर बोटं उघडून बघा. पोल तरी भार घेत असेल तर पट्टा बरोबर आहे.

मग लांबी. सपाटीवर उभं राहून पोल टेकवला की कोपरात काटकोन व्हायला हवा. उंचीच्या साधारण ०.६८ पटीनं लांबी निघते. १७० सेंटीमीटर उंचीला ११५. घडीचे पोल बऱ्याचदा ठरावीक लांबीचेच येतात, त्यामुळे घेतानाच नीट बघा. खड्या चढाला मूठ सोडून जरा खालचा दांडा धरला की तोच पोल तोकडा होतो.

आता टोक कुठे पडतं. चढावर टोक पुढच्या पावलाच्या बाजूला किंवा त्याच्या किंचित मागे पडलं पाहिजे आणि पोल मागे झुकलेला असला पाहिजे. तिथून हात कमरेच्या मागे जाईपर्यंत ढकलायचं. नवखे लोक टोक पावलाच्या खूप पुढे टाकतात आणि मग स्वतःला पोलकडे ओढतात. तसं केल्यावर पोल आधी ब्रेक होतो आणि मग आधार. फोटो काढला की चूक लगेच दिसते: पोल तुमच्याकडे झुकलेला असेल तर तुम्ही ब्रेक मारताय. दंडाच्या मागचा भाग दुसऱ्या दिवशी थोडा दुखत असेल तर ढकलणं जमलंय. फक्त मानेजवळ आणि पुढच्या हातात दुखत असेल तर तुम्ही पोल उचलताय आणि आवळताय.

लय दोन प्रकारची. मध्यम चढाला उजवा पाय-डावा पोल, डावा पाय-उजवा पोल, म्हणजे चालताना हात आपोआप हलतात तसे. चढ खडा झाला किंवा पायऱ्या आल्या की दोन्ही पोल एकदम टेकवायचे आणि त्यांच्यावर जोर देत दोन-तीन पावलं टाकायची. कुठली लय कधी, हे श्वास सांगतो. आलटूनपालटून करताना लय सारखी तुटायला लागली की दोन्ही एकदम.

उतारावर उलटं. इथे ब्रेकच हवा असतो, म्हणून टोक शरीराच्या पुढे, पाऊल पडण्याआधी. आणि एक नियम मी आता मोडत नाही: खडकाळ उतारावर हात पट्ट्यातून बाहेर. टोक दगडांच्या फटीत अडकलं आणि तुम्ही पुढे गेलात, तर पट्ट्यात अडकलेला अंगठा आणि मनगट मागे राहतं. पट्टा नसेल तर फक्त पोल मागे राहतो.

पोलचंही बरं-वाईट त्याच क्षणी ठरतं. हा माझ्या विषयाचा भाग आहे, म्हणून दोन वाक्यं जास्त. कार्बनच्या नळीत बहुतेक तंतू लांबीच्या दिशेनं असतात. त्यामुळे टोकापासून मुठीपर्यंतचा सरळ दाब ती आरामात घेते. फटीत अडकून आडवं बल आलं, किंवा आधीच दगडावर खरचटून एक चीर पडलेली असली, की ती वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. ॲल्युमिनियम आधी वाकतं, जड असतं, पण बहुतेक वेळा वाकलेल्या पोलवर घरी पोचता येतं. माझ्यासारखी दगडधोंड्यात बेफिकीर असाल तर काही ग्रॅमसाठी कार्बन घेऊ नका. आणि कार्बन असेल तर रेसच्या आदल्या दिवशी नळीवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चीर आहे.

एक चढ, कागदावर

आता हे सगळं एका खऱ्या चढावर लावून बघू. यूटीएमबी ही आल्प्समधली रेस, मों ब्लांच्या भोवती सुमारे १७० किलोमीटर आणि एकूण १०,००० मीटरच्या आसपास चढ. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर इटलीच्या बाजूला आर्नुवा नावाचा थांबा येतो, उंची १,७६९ मीटर. तिथून २,५३७ मीटरवरच्या ग्रां कोल फेरे खिंडीत चढायचं आणि पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये ला फुलीला उतरायचं.

चढ ७६८ मीटर, अंतर साधारण साडेचार किलोमीटर. म्हणजे सरासरी १७ टक्के, कोनात १० अंश. मधल्या फळीतला धावपटू या टप्प्यावर ताशी ४५० मीटर उंची गाठतो असं धरू. त्याला १ तास ४२ मिनिटं लागतील. ऊर्जेतली अडीच टक्के बचत जशीच्या तशी वेळेत उतरली असं मानलं, तर वाचली अडीच मिनिटं. सगळ्या १०,००० मीटरला तोच हिशेब लावला तर २२ तासांत अर्ध्या तासाच्या जवळपास.

हा आकडा बघून खूश व्हायच्या आधी त्यातल्या फटी बघा. १० अंश हा प्रयोगातला सर्वात सौम्य कोन होता आणि तिथे फायदा ठळक नव्हता. अडीच टक्के आपण तीव्र चढाकडून उसने आणलेत. उलट बाजूनं, सरासरी १० अंश म्हणजे सगळीकडे १० अंश नव्हे. वाटेत त्याहून खडे टप्पे येतात, आणि तिथे उसना आकडा जरा जवळचा ठरतो. त्याहून मोठी फट म्हणजे प्रयोगातले लोक ताजेतवाने होते, पाच मिनिटं चालत होते आणि पट्टा गुळगुळीत होता. आपला धावपटू शंभर किलोमीटर करून आलाय. त्याच्या मांड्या किती उरल्यात यावर सगळं अवलंबून आहे, आणि ट्रेडमिलनं ते मोजलंच नाही. त्यामुळे अडीच मिनिटांवर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या चढावर पोल हातात असावेत यावर आहे, आणि त्याचं कारण स्नोडनचा अभ्यास आहे, ट्रेडमिलचा नाही.

खिंडीपलीकडचा उतार नऊशेहून जास्त मीटरचा आहे, पण तो दहाएक किलोमीटरमध्ये पसरलेला आहे. म्हणजे सरासरी पाच-साडेपाच अंश. हा पळायचा उतार. इथे श्वामेडरचे २५ अंश लागू होत नाहीत. पाय साथ देत असतील तर पोल खिंडीत घडी करून आत टाकायचे आणि पळायचं. पाय संपले असतील आणि चालतच उतरायचं असेल, तर पोल बाहेरच.

याच रेसचा एक नियम इथे महत्त्वाचा आहे. पोल वापरायचे असतील तर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवावे लागतात. मध्येच कुणाकडून घ्यायचे आणि नंतर देऊन टाकायचे, हे चालत नाही. म्हणजे प्रश्न फक्त 'कधी वापरू' एवढा नाही. न वापरताना ते कुठे ठेवू, हाही तेवढाच मोठा आहे. काही रेसमध्ये पोलना बंदीच असते, त्यामुळे नियमावली आधी वाचा.

ठेवायचे कुठे

घडीच्या दोन पोलचं वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. शरीर आणि व्हेस्ट मिळून ७० किलो धरलं तर अर्धा टक्का. पाठीला चिकटून असेल तर हे वजन जाणवतही नाही. तेच हातात धरून पळालात तर प्रत्येक पावलाला ते झुलवावं लागतं आणि खांदे आखडतात. थोड्या अंतरासाठी हातात धरायचेच तर मधोमध, तोल साधेल तिथे, जमिनीला समांतर धरा, आणि टोकं पुढे ठेवा म्हणजे ती तुम्हाला दिसतील. मागे ठेवलीत तर मागच्याच्या पोटात जातील. सुरुवातीच्या गर्दीत पोल बाहेर काढूच नका.

बाकी तीन जागा आहेत. व्हेस्टच्या पुढच्या बाजूला छातीवर उभे अडकवले तर लगेच हाताशी येतात, पण उतारावर पळताना हनुवटीजवळ हलतात आणि बाटल्यांच्या आड येतात. कमरपट्ट्याच्या मागे आडवे अडकवले तर काढणं-घालणं सर्वात सोपं, फक्त अरुंद वाटेवर करवंदीच्या जाळ्यांत अडकतात. तिसरी जागा म्हणजे पाठीवर तिरका बांधलेला, बाणांच्या भात्यासारखा लांबट कप्पा. खांद्यावरून हात मागे नेऊन पोल आत सरकवायचे. हलत नाहीत, पण आंधळेपणानं तोंड सापडायला सराव लागतो. माझ्या व्हेस्टला यातलं काहीच नव्हतं, मागे दोन इलास्टिक होते आणि तेही व्हेस्ट उतरवल्याशिवाय हाताला लागत नव्हते.

निवड करताना मी एकच कसोटी लावते: चालत असताना, व्हेस्ट न उतरवता, पोल बाहेर येतात का आणि परत आत जातात का? दोन्ही मिळून अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ जात असेल तर रेसमध्ये तुम्ही ते काढणारच नाही. वर आपण एका मोठ्या चढाची बचत अडीच मिनिटं काढली होती, तीसुद्धा उदार मनानं. थांबून व्हेस्ट काढण्यात ती सगळी जाते. ही कसोटी घरी करू नका. हातमोजे घालून, घामेजल्या हातांनी, अंधारात हेडलॅम्प लावून करा. घडीचा पोल जोडल्यावर लॉकचं बटण पूर्ण बाहेर आलंय ना हे बघा आणि एकदा दाबून खात्री करा, कारण अर्धवट लागलेलं लॉक पहिल्या जोराला दगा देतं.

दोन लहान गोष्टी पेपरमध्ये सापडणार नाहीत. दोन्ही हात पोलमध्ये अडकले की खाणं-पिणं राहून जातं. तास-दीड तासाच्या चढात बाटली तशीच भरलेली, असं माझं दोनदा झालंय. आता मी ठरावीक वेळेला दोन्ही पोल एका हातात घेते आणि खाऊन मगच पुढे जाते. आणि एड स्टेशनला पोल भिंतीला टेकवून ठेवू नका. पट्टे मनगटातच राहू देत, नाहीतर ते तिथेच राहतात.

माझा प्रयोग, आणि तो का फसला

हे सगळं वाचल्यावर मला माझा स्वतःचा आकडा हवा होता. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेनं मी चार शनिवार पोलशिवाय चढले आणि पुढचे चार शनिवार पोल घेऊन. पोलमुळे सरासरी जवळजवळ दोन मिनिटं वाचली. मी लॅबमध्ये जाऊन हे ऐटीत सांगितलं.

सीनियरनं एकच विचारलं, "पोलचे शनिवार सगळे नंतरचे ना?"

सगळं संपलं. त्या आठ आठवड्यांत मी फिट झाले होते, वाट पाठ झाली होती आणि उकाडाही कमी झाला होता. हे सगळं मी पोलच्या खात्यावर जमा केलं होतं.

दुसऱ्यांदा मी क्रम बदलला: पोलशिवाय, पोल, पोल, पोलशिवाय. असे दोन फेरे. हळूहळू होणारी सुधारणा या क्रमात दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. नाडीची एक मर्यादा ठरवली आणि तिच्यावर जायचं नाही असं ठेवलं, म्हणजे पोलच्या दिवशी मी नकळत जास्त जोर लावणार नाही. आणि वेळेबरोबर आणखी एक आकडा लिहिला: दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलचा जिना उतरताना मांड्या किती दुखतात, शून्य ते दहा.

वेळेतला फरक जवळपास नाहीसा झाला. पाऊण तासाच्या चढात वीसेक सेकंद, आणि त्याच प्रकारच्या दोन दिवसांमध्ये त्याहून जास्त फरक पडत होता. जिन्याचा आकडा मात्र पोलच्या चारही दिवशी कमी होता. हा आकडा मीच देत होते आणि पोल होते की नव्हते हे मला माहीत होतं, त्यामुळे त्याच्यावर पेपर लिहिता येणार नाही. पण पुढच्या रेससाठी व्हेस्ट बदलायला तो मला पुरेसा होता. आता पोल भात्यात असतात, काढायला आठ सेकंद आणि घालायला बारा. पहिल्याच चढाला बाहेर येतात, मी ताजी असतानाच.